हीट एक्स्चेंजरचा टाइम कॉन्स्टंट: कागदावर २३ सेकंद, ट्रेंडवर ७४. मधले कुठे गेले?

वेर्णेकार
नमस्कार मंडळी. वेर्ण्याला एका कारखान्यात युटिलिटी सांभाळतो. आमच्याकडे एक जुना शेल-अँड-ट्यूब एक्स्चेंजर आहे. ट्यूबमधून गरम पाणी जातं, शेलमधून प्रोसेसचं पाणी तापून बाहेर पडतं. गरम पाण्याच्या दोन लाइनी आहेत, एक साठ अंशांची आणि एक नव्वदची. थ्री-वे व्हॉल्व्ह दोन्ही मिसळतो आणि हवं ते तापमान आत पाठवतो.

परवा उत्पादन बंद असताना लूप मॅन्युअलला टाकला आणि गरम पाण्याचं इनलेट ७० वरून एकदम ८५ केलं. थंड पाणी ३० अंशांनी आत येत होतं. बाहेर पडणारं पाणी आधी ४८.५ होतं, शेवटी ५५.५ वर स्थिरावलं. म्हणजे ७ अंश चढलं. त्यातले ६३ टक्के, म्हणजे ५२.९ अंश गाठायला व्हॉल्व्ह फिरवल्यापासून ७४ सेकंद लागले.

आता कागदावरचा हिशोब. शेलमध्ये ४० लिटर पाणी मावतं. प्रोसेस पाण्याचा फ्लो सेकंदाला १ किलो, गरम पाण्याचा २ किलो. यूए साधारण ३ किलोवॅट प्रति अंश, हा रोजच्या तापमानांवरून काढलेला आहे.

```
tau = M*c / (W*c + UA)
    = 40*4.18 / (1*4.18 + 3)
    = 167 / 7.18  ≈ 23 s
```

२३ कुठे, ७४ कुठे! तिपटीहून जास्त. मॉडेल चुकतंय की माझी मोजणी? आणि हा नसता उद्योग कशाला, तर रात्रपाळीत फ्लो अर्ध्यावर येतो तेव्हा हाच लूप तास तास झुलत बसतो. ऑपरेटर वैतागून मॅन्युअलला टाकतात आणि सकाळी आम्हाला ऐकवतात.

म्हापशेकर
एकदम १५ अंश वाढवले? गॅस्केट गेलं नाही ना? आमच्या गॅरेजमध्ये तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतून हेड क्रॅक केलेले महाभाग बघितलेत. असले झटके देऊ नयेत.

वेर्णेकार
नाही हो, पाणी ते पाणी आणि फरक १५ अंशांचा. डिझाइनच्या बरंच आत आहे. प्रश्न टिकण्याचा नाही, वेळेचा आहे.

सुशेगाद_इंजिनिअर
फ्लो सेकंदाला १ किलो, शेलमध्ये ४० किलो. म्हणजे पाणी बदलायला ४० सेकंद. टाइम कॉन्स्टंट म्हणजे हाच रेसिडेन्स टाइम. यूए खाली कशाला घेता? ४० सेकंद धरा आणि वर पाइपमध्ये जाणारा वेळ मिळवा, ७४ च्या जवळ येतंच. विषय संपला, फिश थाळी खायला चला.

निवृत्त_मास्तर
सुशेगादबाब, थाळी खाऊन या, विषय इथेच असेल.

यूए खाली येतो त्याला कारण आहे. शेलमधलं पाणी एक अंशाने वर गेलं की त्याला मूळ जागी ओढणाऱ्या गोष्टी दोन. एक, बाहेर वाहून जाणारं पाणी ती उष्णता नेतं. दोन, गरम बाजूशी फरक कमी झाल्याने आत येणारी उष्णता घटते. दोन्ही मिळून ओढतात, म्हणून पाणी नुसत्या रेसिडेन्स टाइमपेक्षा लवकर स्थिरावतं. यूए शून्य असेल तर तुमचे ४० सेकंद बरोबर. पण मग तो एक्स्चेंजर कसला, ती नुसती टाकी.

वेर्णेकारांना तीन प्रश्न. ट्यूबांचं वजन किती? आउटलेटचा सेन्सर नोझलपासून किती लांब आहे आणि पाइप केवढा? आणि त्याच वेळेचा गरम पाण्याच्या *इनलेटचा* ट्रेंड कसा दिसला? तिसऱ्याचं उत्तर सर्वात महत्त्वाचं, ते नीट बघून द्या.

बोटीवरचा
वास्कोहून हजेरी. मास्तरांचा दुसरा प्रश्न बघून हसू आलं. आमच्या एका बोटीवर ल्युब ऑइल कूलरचा थ्री-वे व्हॉल्व्ह असाच रात्रभर डोलायचा. सगळे कंट्रोलरच्या मागे लागलेले. शेवटी कळलं की ड्राय डॉकमध्ये कोणीतरी सेन्सर सोयीसाठी पुढच्या बल्कहेडपलीकडे नेऊन बसवला होता. बदली करायला सोपं जावं म्हणून!

वेर्णेकार
मास्तर, आत्ता पायपीट करून आलो.

ट्यूब आणि आतले बॅफल धरून स्टेनलेसचं वजन डेटाशीटवर ६० किलो. आउटलेटचा आरटीडी नोझलपासून साधारण १२ मीटर पुढे. पाइप दोन इंची, आतून ५० मिलिमीटर. पाइप रॅक चढून पलीकडे उतरतो, तिथे प्लॅटफॉर्म आहे म्हणून तिथेच बसवलाय. (बोटीवरचा, हसू नका.)

इनलेटचा ट्रेंड: व्हॉल्व्ह तीन-चार सेकंदांत फिरला, तरी इनलेटचं टेंपरेचर सावकाश चढताना दिसतं. ६३ टक्के गाठायला सुमारे २० सेकंद. तिथला सेन्सर व्हॉल्व्हपासून जेमतेम मीटरभर पुढे आहे. म्हणजे माझी स्टेप ही स्टेपच नव्हती का?

सानिका_फर्मागुडी
स्टेप होती! गरम पाणी सेकंदाला २ किलो वाहतंय, मीटरभर पाइप ते एक-दोन सेकंदांत पार करतं. खरं पाणी लगेच ८५ झालं, सेन्सरने ते सांगायला २० सेकंद लावले. थर्मोवेल आहे ना तिथे?

वेर्णेकार
हो, थर्मोवेल. दोन्हीकडे एकाच जातीचं, एकाच वेळी घेतलेलं. जाड बारस्टॉकचं.

निवृत्त_मास्तर
शाब्बास सानिकाबाय. आता बाकीचं सोपं आहे. फर्मागुडीच्या कॉलेजातल्या पोरांना मी हेच सांगायचो, की ट्रेंड पाण्याचा नसतो, सेन्सरचा असतो. चला, एकेक तुकडा उचलू.

धातू. ६० किलो स्टेनलेस, प्रति किलो सुमारे ०.५ किलोज्यूल, म्हणजे ३० किलोज्यूल प्रति अंश. साधारण ७ लिटर पाण्याएवढं. ते पाण्याबरोबर तापावंच लागतं. १६७ मध्ये मिळवा, १९७ झाले, ७.१८ ने भागा. २३ चे २७ सेकंद.

पाइप. ५० मिलिमीटरच्या पाइपात सेकंदाला एक लिटर म्हणजे वेग जेमतेम अर्धा मीटर. १२ मीटरला २३-२४ सेकंद. या वेळात सेन्सरला काहीच कळत नाही. हा टाइम कॉन्स्टंट नाही, निव्वळ डेड टाइम. दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. टाइम कॉन्स्टंटमध्ये निदान हालचाल सुरू झालेली दिसते, डेड टाइममध्ये कंट्रोलर आंधळा असतो.

सेन्सर. २० सेकंद. हे तुमच्या इनलेटनेच सांगितलं.

आता जोडा. २७ आणि २० चे दोन लॅग एकामागून एक असले की ६३ टक्क्यांची वेळ नुसत्या बेरजेपेक्षा थोडी जास्त येते, सुमारे ५० सेकंद. त्यावर पाइपचे २४. झाले ७४. तुमचं मॉडेल फारसं चुकलेलं नाही. ते एक्स्चेंजरबद्दल बोलत होतं आणि तुम्ही एक्स्चेंजर, पाइप आणि थर्मोवेल अशी तिघांची वरात मोजत होता.

वेर्णेकार
मास्तर, देव बरें करूं! म्हणजे त्या ७४ पैकी एक्स्चेंजरचे स्वतःचे फक्त २७.

सुशेगाद_इंजिनिअर
थाळी झाली, परत आलो. पण मास्तर, ट्रेंडला फर्स्ट-ऑर्डर प्लस डेड टाइम बसवा की. २८ टक्क्यांची वेळ आणि ६३ टक्क्यांची वेळ घ्यायची, फरकाला दीडने गुणायचं, तो टाऊ. ६३ च्या वेळेतून टाऊ वजा केला की डेड टाइम. वेर्णेकार, २८ टक्के कधी गाठले?

वेर्णेकार
२८ टक्के म्हणजे ५०.५ अंश. तिथे ४८ सेकंद.

सुशेगाद_इंजिनिअर
७४ वजा ४८, २६. दीडपट, ३९ सेकंद. बघा! मी ४० म्हणालो होतो. डेड टाइम ३५. रेसिडेन्स टाइमच बरोबर निघाला की नाही?

बोटीवरचा
सुशेगाद कॉलर ताठ करून बसलेला दिसतोय मला 😄

सानिका_फर्मागुडी
हा योगायोग आहे हो. डेड टाइम ३५ आला तिथेच कळतं. पाइपमध्ये खरे २४ सेकंदच जातात. वरचे ११ कुठून आले? दोन लॅग एकापाठी एक आले की सुरुवातीला रेषा चपटी पडते, S सारखी. फर्स्ट-ऑर्डरच्या मॉडेलला S काढता येत नाही. मग ते चपट्या भागाला डेड टाइम म्हणून ढकलतं आणि उरलेल्याचा एक टाऊ बनवतं. त्या ३९ मध्ये एक्स्चेंजर आणि थर्मोवेल कालवलेले आहेत.

खात्री करायची असेल तर फ्लो अर्धा करून तीच टेस्ट घ्या. रेसिडेन्स टाइमचं खरं असेल तर टाऊ ८० च्या आसपास यायला हवा. मास्तरांचं खरं असेल तर बराच कमी.

निवृत्त_मास्तर
उत्तम. आकडा आधीच लिहून ठेवतो, नंतर पळवाट नको. अर्ध्या फ्लोला शेलकडचा हीट ट्रान्स्फर कोएफिशिएंट उतरेल, यूए ३ चा २.५ धरू. १९७ भागिले २.०९ अधिक २.५, म्हणजे ४३ सेकंद. पाइपचा डेड टाइम दुप्पट, ४७. सेन्सर २० च्या वर थोडा जाईल, पाणी मंदावलं की थर्मोवेलवरही उष्णता कमी पोचते. सुशेगादबाबांच्या पद्धतीने बसवलं तर टाऊ पन्नाशीच्या थोडा पुढे, डेड टाइम साठच्या आसपास.

म्हापशेकर
मधेच तोंड घालतो. माझ्या घरी सोलर आहे. टाकी गच्चीवर, बाथरूम खाली. नळ सोडला की बराच वेळ थंडच येतं, मग एकदम चटका. हा तुमचा डेड टाइम म्हणायचा ना?

सानिका_फर्मागुडी
अगदी तोच. आणि चटका यासाठी बसतो की थंड येतंय म्हणून तुम्ही मधल्या वेळात गरमचा नळ आणखी उघडलेला असतो. वेर्णेकारांचा कंट्रोलर रात्रपाळीत हेच करतो.

म्हापशेकर
मग माझ्या बायकोला नोकरी द्या, ती नळाला हात न लावता शांत उभी राहते.

फोंड्याची_दूधवाली
डेअरीच्या पाश्चरायझरवर मी बरीच वर्षं काम केलंय. तिथे प्लेट हीट एक्स्चेंजर. प्लेटा पातळ, मधली फट काही मिलिमीटरांची, त्यामुळे आत दूध थोडंच असतं. एक्स्चेंजरचा स्वतःचा टाऊ काही सेकंदांचा. तिथे सेन्सर २० सेकंदांचा बसवला तर दिसतो तो सगळा सेन्सरच, एक्स्चेंजर दिसतच नाही.

आणि तिथे ते चालतही नाही. दूध ७२ अंशांना १५ सेकंद धरायचं असतं. तापमान खाली आलं की डायव्हर्जन व्हॉल्व्हने दूध परत बॅलन्स टँकमध्ये पाठवायचं. सेन्सरने २० सेकंद उशिरा सांगितलं तर कच्चं दूध पुढे निघून गेलेलं असेल. म्हणून आमच्याकडे जाड थर्मोवेल नव्हतंच, बारीक टोकाचा प्रोब थेट दुधात. वेर्णेकार, तुमच्याकडे फक्त पाणी आहे ना? मग एवढं जाड थर्मोवेल कशाला?

वेर्णेकार
जुन्या स्पेसिफिकेशनमध्ये सगळ्या प्लांटला एकच थर्मोवेल लिहिलंय. स्टीमच्या लाइनीला जे, तेच पाण्याला. बदल करायचा म्हटलं की चार सह्या.

घुमट
कितें रे, एवढे आकडे वाचून डोकं तापलं. माझ्या डोक्याचा टाऊ किती ते कोणी काढेल का? (वाचनखूण साठवली आहे, मजा येतेय.)

बोटीवरचा
थर्मोवेल बदलता येत नसेल तर निदान आरटीडी बाहेर काढून बघ. टोक तळाला टेकलेलं असतं का? आमच्याकडे बहुतेक वेळा चुकीच्या लांबीचा आरटीडी घातलेला सापडायचा, टोक आणि तळ यांच्यात हवेची फट. हवा म्हणजे इन्सुलेशनच. स्प्रिंग लोडेड घेऊन तळाला दाबून बसवला आणि थर्मल पेस्ट भरली की फरक पडतो. टेस्टसुद्धा सोपी: आरटीडी थर्मोवेलसकट खोलीच्या तापमानावरून गरम पाण्याच्या बादलीत बुडव, पाणी ढवळत राहा, ६३ टक्क्यांची वेळ घे. मग पेस्ट घालून पुन्हा.

निवृत्त_मास्तर
बोटीवरच्या बाबांचं बरोबर. एवढंच की बादलीतलं ढवळणं पाइपातल्या फ्लोसारखं नसतं, त्यामुळे आकडा तंतोतंत धरू नका. पेस्टच्या आधीचा आणि नंतरचा ताडून बघा.

सानिका_फर्मागुडी
मास्तर, एक शंका. गरम इनलेट बदललं तेव्हा फर्स्ट-ऑर्डर बऱ्यापैकी बसला. थंड इनलेट बदललं असतं तर? समजा पाऊस सुरू झाला आणि येणारं पाणीच ३० चं २५ झालं.

निवृत्त_मास्तर
तेव्हा नाही बसत. छान विचारलंस.

गरम बाजूला धक्का दिला की ट्यूबांमधून गरम पाणी सात-आठ सेकंदांत शेवटापर्यंत पोचतं. शेलच्या संपूर्ण लांबीवर जवळजवळ एकाच वेळी भिंत तापू लागते, आणि आउटलेटपाशी असलेलं पाणीही लगेच थोडं तापतं. म्हणून सुरुवातीपासून गुळगुळीत चढण मिळते. सगळं शेल एका भांड्यासारखं मिसळलेलं आहे ही लबाडी तिथे खपून जाते.

थंड इनलेट बदललं तर बातमी पाण्याबरोबरच चालत येते. बॅफलांमधून वळणं घेत ती आउटलेटला पोचायला तीसेक सेकंद तरी जातात, तोवर बाहेर जवळजवळ काही दिसत नाही. मग एकदम उतार. रस्त्यात भिंतीकडून थोडी उष्णता मिळत राहते, त्यामुळे ५ अंशांचा धक्का बाहेर ५ अंशांचा राहत नाही. इथे फर्स्ट-ऑर्डर बसवलाच तर डेड टाइम मोठा आणि टाऊ लहान निघेल. दोन्ही धक्क्यांना एकच टाऊ वापरणं चूक.

अजून एक. त्या मिसळलेल्या भांड्याच्या मॉडेलने टाऊ ठीक येतो, पण शेवटी किती अंश चढेल ते कमी येतं. वेर्णेकारांच्या आकड्यांवर ते सव्वासहा अंश सांगेल, चढले सात. कारण मॉडेलमध्ये अख्ख्या शेलचं तापमान आउटलेटएवढंच धरलेलं असतं. प्रत्यक्षात काउंटरफ्लोमध्ये आत शिरणारं पाणी थंड असतं आणि जास्त उष्णता उचलतं. म्हणून गेन नेहमी स्थिर अवस्थेच्या तापमानांवरून घ्यावा.

सुशेगाद_इंजिनिअर
बरं, ते मान्य. पण सगळे ६० किलो धातू कशाला धरता? ट्यूबच्या भिंतीची एक बाजू गरम पाण्याला चिकटलेली, ती गरम पाण्याच्या खात्यात. अर्धंच धरा, ३० किलो. आणि बॅफल तर शेलच्या पाण्यात पूर्ण बुडालेले. तुम्ही सोयीचा आकडा घेतलात.

निवृत्त_मास्तर
मुद्दा खरा आहे. ट्यूबांचं अर्धं, बॅफलांचं पूर्ण धरावं असं म्हणता येईल. मग शेलचं बाहेरचं कवच का नको? तेही पाण्याला लागून आहे आणि वजनदार आहे. मी ते धरलं नाही, तुम्ही अर्धं वगळलं. दोन चुका एकमेकींना पुरतात असं मला वाटतं.

सुशेगाद_इंजिनिअर
"वाटतं" म्हणजे मार्क कापले मास्तर.

वेर्णेकार
मंडळी, टेस्ट झाली. रविवारी उत्पादन बंद होतं, फ्लो सेकंदाला अर्धा किलो केला, गरम इनलेट पुन्हा ७० चं ८५. सेन्सर जुन्याच जागी. लॉगिंग या वेळी सेकंदाला एक केलं आणि हिस्टोरियनचं कॉम्प्रेशन बंद केलं, नाहीतर तो मधले बिंदू गाळून सरळ रेषा जोडतो.

२८ टक्क्यांना ७९ सेकंद, ६३ टक्क्यांना ११६. टाऊ ५५-५६, डेड टाइम ६०.

आणि एक गोष्ट माझ्या ध्यानीमनी नव्हती. आउटलेट ७ नव्हे, जवळजवळ १० अंश चढलं!

सानिका_फर्मागुडी
८० नाही आला. सुशेगाद, थाळीचे पैसे तुमच्याकडे.

सुशेगाद_इंजिनिअर
देतो. पण मास्तरांनी "पन्नाशीच्या थोडा पुढे" म्हटलं होतं, ५६ म्हणजे थोडा नाही. धातूचा वाद मिटलेला नाही!

निवृत्त_मास्तर
नाहीच मिटलेला. कवचाचं वजन मिळालं तर बघू.

पण वेर्णेकार, तुमच्या रात्रपाळीचं उत्तर त्या १० अंशांत आहे. फ्लो अर्धा झाला तेव्हा एका अंशाच्या धक्क्याला मिळणारा परिणाम ०.४६ वरून ०.६६ वर गेला. थंड पाणी कमी, तेवढ्याच पृष्ठभागावर जास्त वेळ, म्हणून जास्त तापतं. म्हणजे गेन चाळीस टक्क्यांनी वाढला आणि त्याच वेळी डेड टाइम ३५ चा ६० झाला. टाऊही वाढला, पण डेड टाइमएवढा नाही. दिवसा पूर्ण फ्लोला चापून ट्यून केलेला कंट्रोलर रात्री जास्त जोराच्या आणि जास्त उशिरा उत्तर देणाऱ्या लूपवर तोच गेन आणि तोच इंटिग्रल टाइम घेऊन बसतो. झुलणार नाही तर काय करेल?

फोंड्याची_दूधवाली
म्हणजे कमी फ्लोवर ट्यून करायचं आणि पूर्ण फ्लोला थोडा सुस्त चालू द्यायचा. आम्ही तसंच करायचो. वाईट अवस्था धरून ट्यूनिंग.

वेर्णेकार
फ्लो ट्रान्समीटर आहे आमच्याकडे. फ्लोप्रमाणे गेन बदलणारं टेबल टाकता येईल का?

निवृत्त_मास्तर
येईल. दोन टेस्टचे आकडे हातात आहेत, मधल्या फ्लोची तिसरी घ्या. कंट्रोलरचा गेन आणि इंटिग्रल टाइम दोन्ही बदला, नुसता गेन नको. पण आधी सेन्सर हलवा. १२ मीटर तसेच ठेवून टेबल बनवलंत तर गैरसोयीलाच शेड्यूल केल्यासारखं होईल.

मांडवीकाठ
उशिरा वाचला धागा. एक विचारू? टाऊवर लक्ष ठेवलं तर ट्यूब साचल्यात हे कळेल ना? आमच्याकडे बोअरचं पाणी, क्षार भरपूर. दर महिन्याला एक स्टेप देऊन टाऊ काढायचा, वाढला की सफाई.

सानिका_फर्मागुडी
कळेल, पण उशिरा. याच एक्स्चेंजरवर बघा: यूए ३ चा २ झाला, म्हणजे एक तृतीयांश गेला, तर टाऊ २७ चा ३२ होतो. पण १५ अंशांच्या स्टेपला आउटलेट ७ ऐवजी ५.३ अंशच चढेल. टाऊतला पाच सेकंदांचा फरक थर्मोवेल आणि पाइपच्या खाली दबून जाईल. चढण्यातला पावणेदोन अंशांचा फरक साध्या ट्रेंडवर दिसेल. स्टेपचीही गरज नाही, चार स्थिर तापमानं आणि फ्लो पुरे.

मांडवीकाठ
पण फ्लोच हलत असेल तर गेनही हलतो, असं वर तुम्हीच सिद्ध केलंत.

सानिका_फर्मागुडी
हो, म्हणून फ्लो तोच असताना तुलना करायची. तुमच्याकडे फ्लोमीटर नसेल तर कठीण आहे.

वेर्णेकार
अपडेट. शटडाऊनला सेन्सर हलवायला परवानगी मिळाली. थर्मोवेल मात्र तेच, सह्या तीनच झाल्या. बोटीवरच्या बाबांनी सांगितल्याप्रमाणे आरटीडी काढला, टोक आणि तळ यांच्यात करंगळीच्या नखाएवढी फट होती. पेस्ट आणि स्प्रिंग लावून बादलीत वेळ निम्म्याच्या आसपास आली.

आता प्रश्न: नवीन जागा अगदी नोझलला लागून घ्यावी का? तिथे एक जुना प्लग असलेला टॅपिंग आहे, वेल्डिंगच करायला नको.

बोटीवरचा
घे की. जितकं जवळ तितकं बरं.

निवृत्त_मास्तर
अगदी नोझलवर नको. बॅफलच्या कडेने निसटलेलं थंड पाणी आणि ट्यूबांमधून तापून आलेलं पाणी तिथे पुरतं मिसळलेलं नसतं. सेन्सर एका प्रवाहाचं तापमान दाखवेल आणि फ्लो बदलला की तो प्रवाहही सरकेल. पहिला एल्बो जाऊ द्या, त्यानंतर अर्धा-पाऊण मीटरवर बसवा. डेड टाइम २४ चा तीनेक सेकंद होईल. आणि थर्मोवेलचं टोक पाइपच्या मध्यापर्यंत पोचतं ना ते बघा, दोन इंची पाइपात ते बऱ्याचदा आखूड पडतं किंवा समोरच्या भिंतीला टेकतं.

वेर्णेकार
एल्बोमध्येच, प्रवाहाच्या समोर तोंड करून बसवलं तर? लांबीही मिळेल.

फोंड्याची_दूधवाली
आमच्याकडे तसेच होते. चालतं. फक्त त्या एल्बोखाली सपोर्ट आहे का ते बघून मग वेल्डर बोलवा.